आयपीव्ही६ जोडताना: क्लाउडमधले दुहेरी पत्ते आणि नव्याने लिहायचे नियम

मानवत, सेलू किंवा गंगाखेडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातातला फोन इंटरनेटवर जातो, तेव्हा पुष्कळदा तो आयपीव्ही६ पत्ता घेऊनच जातो. फोनधारकाला हे माहीत असण्याचे कारण नाही. रिलायन्स जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा जुने पत्ते केव्हाच संपत आले होते. आयपीव्ही४ मध्ये सगळ्या जगासाठी मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत, आणि आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था एपीनिक एप्रिल २०११ मध्येच आपल्या शेवटच्या राखीव साठ्यावर आली होती. कोट्यवधी नवे ग्राहक घेणाऱ्या कंपनीपुढे आयपीव्ही६ पहिल्या दिवसापासून वापरण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. दूरसंचार विभागाने २०१० आणि २०१३ मध्ये या बदलाचे आराखडे काढले होते, पण गावोगाव तो पोचवला मोबाइल नेटवर्कने. गुगलच्या मोजणीत भारतातून येणाऱ्या वापरकर्त्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त आज आयपीव्ही६वरून येतात. जगातल्या सर्वांत पुढच्या देशांत आपली गणना होते ती अशी.

उलट बाजूचे चित्र वेगळे आहे. हा फोन ज्या सेवेशी बोलतो ती बहुधा मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमधल्या क्लाउडवर असते आणि कित्येकदा तिला फक्त आयपीव्ही४ पत्ता असतो. ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीपासून तिथल्या खासगी नेटवर्कला आयपीव्ही६ जोडता येते. तरीही छोट्या सेवा त्या वाटेला गेल्या नाहीत, कारण जुना पत्ता फुकट होता. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकार लावला. वर्षाला हे सुमारे ४४ डॉलर होतात, आणि दहा-वीस पत्ते वापरणाऱ्या छोट्या सेवेला ती रक्कम बिलात दिसते. त्यामुळे 'ड्युअल स्टॅक', म्हणजे एकाच नेटवर्कला दोन्ही प्रकारचे पत्ते देणे, हा विषय आता दोन-तीन माणसांच्या कंपन्यांच्याही टेबलावर आला आहे. या कामातली पत्ते देण्याची बाजू अर्ध्या दिवसाची असते. अवघड असते ती सुरक्षा-नियमांची बाजू. या लेखाचे म्हणणे असे, की ड्युअल स्टॅकमधली मोठी भोके आयपीव्ही६ मधल्या उणिवांमुळे पडत नाहीत. ती पडतात जुने नियम नव्या प्रोटोकॉलमध्ये जसेच्या तसे उतरवल्यामुळे, किंवा मुळीच न उतरवल्यामुळे. जुन्या नियमांतला बराच ढिलेपणा आजवर खासगी पत्त्यांनी झाकून ठेवला होता, आणि ते झाकण आयपीव्ही६ सोबत येत नाही.

हे नेमके कसे घडते ते पाहायला एक कल्पित पण नेहमीच्या घडणीची सेवा घेऊ. समजा, परभणी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले कापूस, सोयाबीन आणि तुरीचे रोजचे भाव दाखवणारे एक ॲप मुंबई विभागात चालते. त्याचे खासगी नेटवर्क `10.20.0.0/16` आहे. दर्शनी, म्हणजे पब्लिक सबनेटमध्ये लोड बॅलन्सर आहे. मागच्या, म्हणजे प्रायव्हेट सबनेटमध्ये दोन ॲप सर्व्हर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस आहे. मागच्या सर्व्हरांना अपडेट घ्यायला बाहेर जावे लागते, म्हणून तिथल्या राउट टेबलमध्ये `0.0.0.0/0` चा रस्ता नॅट गेटवेकडे जातो. आता ॲप सर्व्हरांच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये, उभारणीच्या काळात कोणीतरी घाईत लिहिलेला एक नियम राहून गेला आहे: २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे एसएसएच, `0.0.0.0/0` ला खुले. नियम म्हणून तो वाईटच आहे. पण इतकी वर्षे त्याने काही बिघडले नाही, कारण `10.20` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर बाहेरून कोणालाच येता येत नाही, आणि नॅट गेटवे बाहेरून सुरू झालेले कनेक्शन आत सोडत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असला की माजघराला कडी आहे की नाही हे कोणी पाहत नाही, तसे हे आहे.

आता या नेटवर्कला आयपीव्ही६ जोडायचे. ॲमेझॉन एक `/56` आकाराचा गट देते, समजा `2001:db8:1234:1a00::/56`, आणि त्यातून प्रत्येक सबनेटला एक `/64` मिळतो. असे २५६ सबनेट त्यात बसतात, त्यामुळे पत्त्यांची काटकसर करण्याचा प्रश्नच उरत नाही. यानंतर सर्व्हरांना पत्ते दिले जातात, आणि इथे पहिला मूलभूत फरक येतो. हे पत्ते जगभर एकमेव आणि सार्वजनिक आहेत. ॲमेझॉनने दिलेल्या या गटात 'खासगी' नावाचा वेगळा वर्ग नाही. एखादा सबनेट दर्शनी आहे की मागचा, हे आता पत्त्यावरून ठरत नाही. ते ठरते फक्त राउट टेबलमधल्या एका ओळीवरून. मागच्या सबनेटमध्ये `::/0` चा रस्ता इंटरनेट गेटवेकडे वळवला, तर रस्ता दोन्ही दिशांनी खुला होतो आणि तो सबनेट त्या क्षणी दर्शनी बनतो. हे टाळायला ॲमेझॉनकडे 'इग्रेस-ओन्ली इंटरनेट गेटवे' आहे. आतून सुरू झालेले कनेक्शन तो बाहेर जाऊ देतो आणि त्याचे उत्तर आत आणतो, पण बाहेरून सुरू झालेले काहीही आत सोडत नाही. त्याला नॅट गेटवेसारखे तासाचे भाडेही नाही. मागच्या सबनेटसाठी बरोबर ओळ ही:

```
aws ec2 create-route --route-table-id rtb-0aaa \
  --destination-ipv6-cidr-block ::/0 \
  --egress-only-internet-gateway-id eigw-0bbb
```

आपल्या भावांच्या ॲपमध्ये चूक कशी होईल, तेही पाहण्यासारखे आहे. काम करणारा माणूस आळशी असण्याची गरज नाही. उलट, तो पद्धतशीर असतो म्हणूनच फसतो. तो सिक्युरिटी ग्रुप उघडतो, जिथे जिथे `0.0.0.0/0` दिसते तिथे तिथे शेजारी `::/0` ची ओळ घालतो, आणि दोन्ही प्रोटोकॉलना समान वागणूक दिली म्हणून समाधान मानतो. राउट टेबलमध्येही तो तेच करतो. मागच्या सबनेटला बाहेर जाता येत नाही असे दिसले, तर दर्शनी सबनेटची ओळ उचलून तिथे ठेवतो. आता अपडेट येतात, ॲप चालते, कुठे तक्रार नाही. पण ॲप सर्व्हरांचे २२ क्रमांकाचे पोर्ट आयपीव्ही६वर सगळ्या जगाला खुले झालेले असते. जुन्या नियमात जे लिहिले होते तेच नव्या नियमात लिहिले, तरी परिणाम उलटा झाला, कारण जुन्या नियमाचा अर्धा अर्थ नियमाबाहेर, पत्त्याच्या खासगीपणात होता. म्हणून उतरवायचा असतो तो नियमामागचा हेतू. 'या सर्व्हरशी फक्त लोड बॅलन्सरने बोलावे' हा हेतू असेल, तर नियमात पत्ता लिहूच नये. लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपचे नाव स्रोत म्हणून द्यावे. असा नियम दोन्ही प्रोटोकॉलना एकदमच लागू होतो, आणि पत्ते बदलले तरी शिळा होत नाही.

काही ओळी क्लाउड स्वतःहूनही घालतो, आणि त्या ठाऊक नसल्या तर गोंधळ वाढतो. ॲमेझॉनमध्ये सिक्युरिटी ग्रुपच्या वर सबनेटच्या पातळीवर 'नेटवर्क एसीएल' असते. मूळ एसीएलला कोणी हात लावला नसेल, तर आयपीव्ही६ जोडताच तिच्यात सर्व आयपीव्ही६ वाहतुकीला आत आणि बाहेर परवानगी देणारा नियम आपोआप येतो. पण एसीएल आधी बदललेली असेल, तर तो नियम येत नाही आणि आयपीव्ही६ मुकाट्याने अडवले जाते. म्हणजे ज्याने काळजी घेतली त्याचे आयपीव्ही६ बंद पडते, आणि ज्याने घेतली नाही त्याचे उघडे राहते. इतर क्लाउडमध्ये तपशील वेगळे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्ये सर्व्हरला मिळणारा आयपीव्ही६ पत्ता आपल्या खासगी नेटवर्कमधलाच असतो. बाहेरून येण्यासाठी वेगळा सार्वजनिक पत्ता किंवा लोड बॅलन्सर मुद्दाम जोडावा लागतो, त्यामुळे वरची चूक तिथे इतकी सहज घडत नाही. गुगल क्लाउडमध्ये सबनेट बनवतानाच आयपीव्ही६ अंतर्गत हवे की बाह्य हे सांगावे लागते, आणि न सांगितलेले येणारे कनेक्शन अडवणारा गर्भित नियम दोन्ही प्रोटोकॉलना लागू असतो. दोन्हीकडे एका नियमात दोन्ही प्रकारचे पत्ते मिसळता येत नाहीत, म्हणजे नियमांच्या जोड्या सांभाळणे आलेच. माझ्या मते गुगलची पद्धत या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे, कारण दर्शनी की आतला हा प्रश्न ती सुरुवातीलाच विचारते. ॲमेझॉनमध्ये त्याचे उत्तर राउट टेबलच्या एका ओळीत लपलेले राहते.

ही भीती केवळ तर्काची नाही. २०१६ मध्ये एनडीएसएस या सुरक्षा परिषदेत याकूब चिझ, मॅथ्यू लकी, मार्क ऑलमन आणि मायकेल बेली यांनी नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. दोन्ही पत्ते असलेले लाखो सर्व्हर आणि हजारो राउटर घेऊन त्यांनी एकाच यंत्राची तीच पोर्टे आयपीव्ही४वरून आणि आयपीव्ही६वरून ठोठावून पाहिली. धोरण एकच असते तर दोन्हीकडून उत्तर सारखे यायला हवे होते. प्रत्यक्षात एसएसएच, टेलनेट, एसएनएमपी यांसारखी नाजूक पोर्टे आयपीव्ही६वरून अधिक प्रमाणात उघडी सापडली. त्यातली बहुतेक यंत्रे आजच्या अर्थाने क्लाउडमधली नसतील, आणि इतक्या वर्षांत साधनेही सुधारली आहेत. तरी त्या अभ्यासाची पद्धत आजही उपयोगी आहे. आपल्या सेवेची परीक्षा घ्यायची तर तीच: एकाच यंत्राला दोन्ही वाटांनी विचारायचे आणि उत्तरे ताडून पाहायची.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वरकरणी जोरदार आहे. एका `/64` सबनेटमध्ये १८ वर १८ शून्ये इतके पत्ते असतात. सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले, तरी एक सबनेट धुंडाळायला पाच लाखांहून अधिक वर्षे लागतील. मग उघडे पोर्ट सापडणार कोणाला? आयपीव्ही४मध्ये सगळे इंटरनेट तासाभरात तपासून होते, त्या मानाने हे खरोखरच मोठे अंतर आहे, आणि आंधळ्या शोधापासून आयपीव्ही६ संरक्षण देते हे मान्य केले पाहिजे. पण शोधणारे आंधळेपणाने शोधत नाहीत. ॲपचे नाव डीएनएसमध्ये असते. तिथल्या एएएए नोंदीतून दर्शनी पत्ता मिळतो आणि त्यातून पूर्ण गटाचा अंदाज येतो. टीएलएस प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत चाचणी सर्व्हरांची नावेही उघड होतात. माणसे हाताने पत्ते देतात तेव्हा `::1`, `::10`, `::53` असेच देतात, आणि हे शोधायला फार तर काही हजार प्रयत्न पुरतात. आतला सर्व्हर बाहेर अपडेट घ्यायला जातो, तेव्हा समोरच्याच्या लॉगमध्ये आपला खरा पत्ता ठेवून येतो. नॅटमागे असताना हे होत नव्हते. २०१६ चे आरएफसी ७७०७ हे सगळे मार्ग तपशीलवार सांगते. म्हणून पत्त्यांचे प्रचंड आकारमान हा जादाचा फायदा म्हणून घ्यावा. त्याच्या भरवशावर नियम ढिला ठेवू नये.

दुसरा आक्षेप नॅटच्या बाजूने येतो: नॅट ही सुरक्षाच होती, तर आयपीव्ही६लाही नॅट लावून का टाकू नये? याचे उत्तर नॅट नेमके काय करत होते ते वेगळे काढले की मिळते. आत-बाहेरचे संरक्षण देणारा भाग म्हणजे कनेक्शन कोणी सुरू केले याची नोंद ठेवणे. पत्ता बदलणे हा वेगळा भाग आहे, आणि तो पत्त्यांच्या टंचाईमुळे आला. इग्रेस-ओन्ली गेटवे पहिला भाग पूर्णपणे ठेवतो आणि दुसरा सोडून देतो. सिक्युरिटी ग्रुपही कनेक्शनची आठवण ठेवणारेच असतात. आतला नकाशा बाहेर कळू नये हा नॅटचा आणखी एक फायदा मानतात. तो खरा आहे, पण लहान आहे. त्याच्यासाठी कोणता सर्व्हर कोणाशी बोलला हे लॉगमधून शोधण्याची सोय गमावणे मला पटत नाही.

दुसऱ्या प्रकारची चूक सुरक्षा-नियमांच्या अतिरेकातून होते. आयपीव्ही४च्या काळात पुष्कळ जण आयसीएमपी सरसकट अडवत आणि त्याने फारसे बिघडत नसे. आयपीव्ही६मध्ये तसे करता येत नाही. पॅकेट मोठे असेल तर वाटेतला आयपीव्ही६ राउटर त्याचे तुकडे करत नाही. तो 'पॅकेट फार मोठे आहे' असा निरोप पाठवणाऱ्याला देतो, आणि तो निरोप आयसीएमपीव्ही६चा प्रकार २ असतो. मोबाइल नेटवर्कमध्ये बोगदे असल्याने वाटेतली मर्यादा अनेकदा १५०० बाइटांपेक्षा कमी असते, त्यामुळे परभणीच्या फोनसाठी हा निरोप महत्त्वाचा. ॲमेझॉनचे सिक्युरिटी ग्रुप कनेक्शनची आठवण ठेवत असल्याने तो निरोप आत सोडतात. एसीएल मात्र आठवण ठेवत नाही, आणि हाताने बदललेल्या एसीएलमध्ये हा प्रकार उघडायचे राहून जाते. आणखी एक बारकावा असा, की आयसीएमपीव्ही६ हा क्रमांक ५८चा वेगळा प्रोटोकॉल आहे. जुन्या आयसीएमपीच्या नियमाने त्याला परवानगी मिळत नाही. बिघाडाची खूण ओळखता येण्यासारखी असते: कनेक्शन जुळते, छोटे निरोप जातात, पण भावांची लांब यादी किंवा फोटो अर्ध्यावर अडकून राहतो, आणि तोही काहीच नेटवर्कांवर. सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलवर तर शेजारी शोधण्याचे आयसीएमपीव्ही६ प्रकार १३३ ते १३६ सुद्धा खुले हवेत, नाहीतर सर्व्हरला आपल्या राउटरचाच पत्ता लागत नाही. कोणते प्रकार सोडावेत आणि कोणते अडवावेत, याची चांगली यादी आरएफसी ४८९० मध्ये आहे.

क्लाउडच्या खाली, सर्व्हरच्या आत, दुसरी नियमावली आधीपासून पडून असते. लिनक्समध्ये `iptables` फक्त आयपीव्ही४ पाहते. आयपीव्ही६साठी `ip6tables` वेगळे असते, आणि ज्या सर्व्हरवर पहिले काटेकोर भरले आहे तिथे दुसरे बहुधा रिकामे, म्हणजे सगळ्याला मुभा देणारे असते. `nft` मध्ये `inet` कुटुंब वापरले तर एकच नियम दोघांना लागतो, आणि नवी मांडणी करताना तेच निवडावे. पोस्टग्रेसमध्ये `listen_addresses = '*'` लिहिले, की ते दोन्ही प्रोटोकॉलवर ऐकते, पण कोणाला आत घ्यायचे हे सांगणाऱ्या `pg_hba.conf` मध्ये `0.0.0.0/0` आणि `::/0` या वेगळ्या ओळी असतात. मेटाडेटा सेवेची गोष्ट जास्त नाजूक आहे. सर्व्हरला स्वतःची तात्पुरती ओळखपत्रे `169.254.169.254` वर मिळतात, आणि बाहेरून आलेल्या लिंकमार्फत कोणी ती काढून नेऊ नये म्हणून चांगले प्रोग्रामर तो पत्ता आपल्या कोडमध्ये अडवतात. ॲमेझॉनमध्ये हीच सेवा आयपीव्ही६वर `fd00:ec2::254` ला मिळू शकते. मुळात ती बंद असते. ती सुरू करायची असेल, तर आधी कोडमधली ती यादी तपासावी.

परभणीच्या बाजूने पाहिले तर सगळ्यात मोठा फरक पडतो तो वापर-मर्यादेच्या नियमांत, आणि इथे आयपीव्ही६ न जोडण्याचे नुकसान स्पष्ट दिसते. मोबाइल कंपनीकडे आयपीव्ही४ पत्ते कमी असल्याने शेकडो-हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येतात. भावांच्या ॲपने 'एका पत्त्यावरून मिनिटाला शंभर विनंत्या' अशी मर्यादा घातली, आणि सकाळी लिलाव सुरू झाल्यावर तालुक्यातले शेतकरी एकदम भाव पाहू लागले, तर एका पत्त्यामागचे सगळेच अडवले जातात. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र ती गर्दी हल्ल्यासारखी दिसते. आयपीव्ही६मध्ये मोबाइल नेटवर्क प्रत्येक फोनला स्वतंत्र `/64` देते. त्यामुळे मर्यादा `/64` वर घातली तर ती साधारण एका फोनला लागू होते, आणि एका उपद्रवी माणसापायी शेजारच्या गावाला शिक्षा होत नाही. पण मर्यादा पूर्ण १२८ बिटांच्या पत्त्यावर घातली, तर ती निरुपयोगी ठरते, कारण फोन गोपनीयतेसाठी आपल्या पत्त्याचा मागचा अर्धा भाग बदलत राहतो आणि हल्लेखोराच्या हातात एका सबनेटमधले सगळे पत्ते असतात. याला जोडूनच लॉगचा प्रश्न येतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ज्या टेबलात पत्त्याचा रकाना पंधरा अक्षरांचा आहे, तिथे आयपीव्ही६ पत्ता अर्धवट कापून साठतो किंवा नोंदच होत नाही. पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जाऊ शकतो. पोस्टग्रेसमध्ये `inet` प्रकार वापरला की हा प्रश्न मिटतो.

आता तपासणी. ड्युअल स्टॅकमधले बिघाड लपून राहतात, आणि त्याचे कारण चांगल्या हेतूने केलेली एक सोय आहे. आजचे ब्राउझर आधी आयपीव्ही६ वापरून पाहतात आणि सुमारे पाव सेकंदात उत्तर आले नाही, तर समांतर आयपीव्ही४चा प्रयत्न सुरू करतात. हे वर्तन आरएफसी ८३०५ मध्ये नोंदले आहे. समजा लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ पोर्टसाठी `::/0` ची ओळ घालायची राहिली. तरी ॲप चालत राहील, फक्त प्रत्येक वेळी थोडे रेंगाळेल, आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून दोन्ही वाटा जबरदस्तीने वेगवेगळ्या चालवून पाहाव्या लागतात, आणि तेही बाहेरच्या यंत्रावरून:

```
curl -6 -v --connect-timeout 5 https://bhav.example.in/
curl -4 -v --connect-timeout 5 https://bhav.example.in/
nc -6 -vz -w 5 2001:db8:1234:1a10::25 22
```

पहिल्या दोन्हींना सारखे उत्तर यायला हवे. तिसरी आज्ञा ॲप सर्व्हरच्या खऱ्या आयपीव्ही६ पत्त्यावर चालवायची, आणि तिथे वेळ संपल्याचा निरोप येणे हेच यश. 'कनेक्शन नाकारले' असे उत्तर आले, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचले असा बहुधा त्याचा अर्थ होतो, आणि मग राउट टेबल पुन्हा पाहायला हवे. कामाचा क्रमही यातूनच ठरतो. आधी नेटवर्कला गट जोडावा, मग एसीएल आणि सिक्युरिटी ग्रुप हेतूनुसार नव्याने लिहावेत, सर्व्हरच्या आतले फायरवॉल भरावेत, त्यानंतर राउट टाकावेत. डीएनएसमध्ये एएएए नोंद सर्वांत शेवटी, आणि पहिले काही दिवस तिची मुदत पाच मिनिटांसारखी कमी ठेवावी, म्हणजे मागे फिरायची वेळ आली तर जग ती लवकर विसरेल.

एक बिघाड मात्र या क्रमानेही टळत नाही, कारण तो दुसऱ्याच्या नियमांत असतो. भावांचे ॲप एसएमएस पाठवायला बाहेरच्या सेवेकडे जाते, आणि त्या सेवेने आपला नॅट गेटवेचा आयपीव्ही४ पत्ता परवानगीच्या यादीत घातलेला असतो. सर्व्हरला आयपीव्ही६ मिळाले आणि समोरच्या सेवेने कधीतरी आपल्या नावाला एएएए नोंद जोडली, की आपला सर्व्हर आपोआप आयपीव्ही६ची वाट धरतो, कारण आरएफसी ६७२४ च्या क्रमात तिला पसंती आहे. समोरच्याला अनोळखी पत्ता दिसतो आणि तो नकार देतो. आपल्याकडे त्या दिवशी कोणीही काही बदललेले नसते. उपाय असा, की अशा प्रत्येक सेवेची आधीच यादी करावी, समोरच्याला आपला पूर्ण `/56` कळवावा, आणि ते होईपर्यंत त्या एका कनेक्शनसाठी प्रोग्राममध्ये आयपीव्ही४ सक्तीचे करावे.

यावरून काही जाणकार म्हणतात, की दोन नियमावल्या कायम सांभाळण्यापेक्षा सरळ एकट्या आयपीव्ही६वर जावे. या म्हणण्यात तथ्य आहे. दुहेरी नियमांचा खर्च दर महिन्याचा आहे, आणि दोन याद्या काळाच्या ओघात वेगळ्या होतातच. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेमध्ये नॅट६४ आहे. त्याच्या आणि डीएनएस६४च्या साहाय्याने एकट्या आयपीव्ही६चा सर्व्हरही `64:ff9b::/96` मार्गे जुन्या जगाशी बोलू शकतो. पण पत्ता आकड्यांतच लिहून ठेवलेले प्रोग्राम आणि फक्त आयपीव्ही४ पत्ते स्वीकारणाऱ्या परवानगी-याद्या यांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. परभणीच्या एखाद्या कार्यालयातला जुना ब्रॉडबँड राउटर आयपीव्ही६ देत नसेल, तर तिथल्या संगणकालाही दर्शनी आयपीव्ही४ लागणारच. म्हणून भावांच्या ॲपसारख्या सेवेसाठी मी दुहेरीपण दारापुरते ठेवीन. लोड बॅलन्सरला दोन्ही पत्ते द्यावेत, आणि मागचे ॲप सर्व्हर व डेटाबेस सध्या आयपीव्ही४वरच राहू द्यावेत, कारण लोड बॅलन्सर आयपीव्ही६वरून आलेली विनंती आत आयपीव्ही४वरून देऊ शकतो. जिंतूरच्या फोनला आयपीव्ही६चा फायदा पहिल्या दिवसापासून मिळतो, आणि दोनदा लिहायचे नियम लोड बॅलन्सरचा एक सिक्युरिटी ग्रुप, त्याच्या सबनेटची एक एसीएल आणि ॲपमधली वापर-मर्यादा एवढ्यावर येतात. मागच्या सबनेटला आयपीव्ही६ द्यायची वेळ येईल, तेव्हा २२ क्रमांकाचा तो जुना नियम आधी खोडावा आणि मगच पत्ते द्यावेत.